२१ पदार्थांचा नैवेद्य: मोदकपात्र धरून आखलेला चतुर्थीचा बेत

गणेश चतुर्थीला साडेबाराच्या सुमारास नैवेद्य दाखवायचा, पानात २१ पदार्थ हवेत आणि मागोमाग बारा माणसांची पंगत बसवायची, एवढं ठरलं की घरात पहिल्यांदा यादी होते. मग यादीतला एकेक पदार्थ सवडीप्रमाणे करायला घेतात. अकरा वाजता कळतं की मोदकपात्रात अळूच्या वड्या आहेत, उकड काढून तयार आहे आणि ती गार होत चालली आहे. भाज्या, भात, आमटी यांची वेळ पंधरा मिनिटं पुढेमागे झाली तर काही बिघडत नाही. वाफेवरच्या पदार्थांना तेवढी सवलत नसते. म्हणून आधी मोदकपात्राचा दिवस आखायचा आणि बाकीची कामं त्याच्या आजूबाजूला बसवायची.

खालचा बेत तीन शेगड्यांचा गॅस, दोन कुकर, एक दोन चाळण्यांचं मोदकपात्र आणि हात चालवणाऱ्या तीन जणी किंवा तिघं, असं धरून मांडला आहे. वाटी म्हणजे साधारण २०० मिलीलीटरची, आमटीची वाटी. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला.

२१ आकडा कसा भरतो

२१ पदार्थ म्हणजे २१ वेगळी कामं नाहीत. भाताचा एक कुकर लावला की मुदीचा साधा भात, चित्रान्न आणि दहीभात असे तीन पदार्थ निघतात. हरभऱ्याची डाळ एकदा शिजवली की पुरणाचे कडबू आणि कटाची आमटी होते. तांदळाच्या उकडीतून मोदक आणि निवगऱ्या. एका कढईतून तळणीचे मोदक, अळूवडी, कोथिंबीर वडी, पुरी आणि कुरडई-पापड. हे झाले बारा. उरलेले नऊ असे: खपली गव्हाची हुग्गी, साधं वरण, बटाट्याची भाजी, लाल भोपळ्याची भाजी, घेवड्याची भाजी, वाटली डाळ, काकडीची कोशिंबीर, शेंगाची चटणी आणि पंचामृत. पंचामृत म्हणजे मिरच्या, तीळ, शेंगदाणे, चिंच-गूळ घालून केलेलं पानातलं डावीकडचं, पूजेचं नव्हे.

कोकणातल्या यादीत कडबू आणि हुग्गी सापडणार नाहीत. सोलापूरच्या स्वयंपाकघरात कानडी वळण जुनं आहे, त्यामुळे इथे दोन्ही सहज बसतात. चित्रान्नाऐवजी कुणाच्या घरी चिंचेचा पुळिहोरा होईल. आकड्याला फरक पडत नाही, कारण भात तोच.

वाफेचा क्रम

वाफेवर पाच पदार्थ आहेत: अळूचे उंडे, कोथिंबीर वडी, कडबू, उकडीचे मोदक आणि निवगऱ्या. नुसत्या वाफेच्या वेळा मोजल्या तरी दीड तास होतो. काढणं, भरणं, पाणी बदलणं धरलं तर अडीच तास. मोदकपात्र एकच असल्यामुळे हा वेळ कमी करता येत नाही, फक्त नीट लावता येतो.

पहिला मान अळू आणि कोथिंबीर वडीचा. दोन्ही उकडल्यावर पूर्ण गार व्हाव्या लागतात, नाहीतर कापताना चुरा होतो आणि तळताना बेसन तेलात सुटतं. म्हणजे त्यांना वाफेनंतर दोन-तीन तास हवेतच. शिवाय हिंग, चिंच, ओवा यांचा वास पाण्यात आणि चाळणीत उतरतो. तो मोदकांना लागू नये म्हणून हे दोन पदार्थ सगळ्यात आधी उरकायचे. अळूचे उंडे खालच्या चाळणीत, कारण तिथे वाफ जोरात लागते आणि अळू कच्चं राहिलं तर घसा खाजतो. वरच्या चाळणीत कोथिंबिरीचा थापा. पंचवीस मिनिटांत दोन्ही होतात. सुरी उंड्याच्या मधोमध खुपसून बघायची. पीठ चिकटून आलं तर आणखी पाच मिनिटं.

त्यानंतर मोदकपात्र घासून नवं पाणी घालायचं आणि कडबू लावायचे. कणकेची पारी आणि आत पुरण असल्यामुळे कडबू तुपाचा हात लावून झाकून ठेवले तर तीन तासही मऊ राहतात. तांदळाच्या पारीचं तसं नाही. शिजलेला तांदूळ गार होताना आवळतो, म्हणून सकाळी नऊला केलेला मोदक साडेबाराला चिवट लागतो आणि कळ्यांच्या कडा वाळून फाटतात. मोदक शेवटी करायचे ते यासाठी. मोदकांच्या मागून त्याच पाण्यावर निवगऱ्या. त्यात मिरची, जिरं असतं, म्हणून त्या मोदकांच्या आधी नकोत.

काही गोष्टी मोदकपात्राबद्दलच सांगून ठेवते. पाण्यात एक स्वच्छ नाणं टाकलं की उकळत्या पाण्यात ते खडखडत राहतं. आवाज थांबला की पाणी संपत आलं. नंतर ओतायचं पाणीही उकळतं हवं, गार ओतलं की वाफ मोडते. आणि झाकणाखाली पातळ सुती फडकं बांधायचं. तसं केलं नाही तर झाकणावर जमलेलं पाणी मोदकांच्या शेंड्यांवर टपकतं, ते पांढरे पडून चिकट होतात. भांडं अॅल्युमिनियमचं असेल तर चिंचेचं एक बुटूक पाण्यात टाकावं, भांडं आतून काळं होत नाही.

हरतालिकेला फार काही ठेवू नका

चतुर्थीच्या आदल्या दिवशी हरतालिका. ज्यांच्या हातून उद्या मोदक व्हायचे त्यातल्या निम्म्या जणी त्या दिवशी कडकडीत उपवासाला असतात. म्हणून ‘आदल्या रात्री सगळी तयारी’ हा सल्ला या सणाला लागू पडत नाही. कोरडी कामं आणखी एक दिवस आधी उरका.

दोन दिवस आधी शेंगाची चटणी कुटायची. दुकानात मिळणाऱ्या सोलापुरी शेंगा चटणीत लसूण असतोच, त्यामुळे नैवेद्याला ती चालत नाही. घरी लसूण वगळून करायची: मंद आचेवर खमंग भाजून सोललेले शेंगदाणे, तिखट, जिरं, मीठ, आणि उखळात तेल सुटेपर्यंत कांडायचं. मिक्सरमध्ये करायची तर पातं सलग न फिरवता थांबून थांबून फिरवा. याच दिवशी तळणीच्या मोदकांचं सुक्या खोबऱ्याचं सारण, दाण्याचं कूट, किसलेला गूळ आणि वेलदोडा-जायफळाची पूड करून ठेवायची. कुरडया उन्हाळ्यातल्या असतातच.

तांदळाच्या पिठाचंही आधीच बघा. आपल्याकडे गिरणीत दिवसभर ज्वारी दळली जाते. ज्वारीच्या पाठोपाठ तांदूळ टाकले तर पहिल्या दोन-तीन मुठींत ज्वारीचं पीठ मिसळून येतं, आणि तेवढ्यानेही पारी तडकते. गिरणीवाल्याला सांगून एखाद्या तांदळाच्या घाण्यानंतर आपला डबा लावावा, नाहीतर सुरुवातीचं पीठ वेगळं काढून धिरड्यांना वापरावं. तांदूळ आंबेमोहोर, धुऊन सावलीत वाळवलेले, दळण बारीक. कोलमसारखा मोकळा होणारा तांदूळ असेल तर वाटीमागे चमचाभर साबुदाण्याचं पीठ मिसळलं की चिकटपणा येतो. इडलीचा उकडा तांदूळ मात्र यात चालत नाही.

हरतालिकेच्या दिवशी मंडईतून अळूची पानं, कोथिंबीर, नारळ आणि दूर्वा आणायच्या. राणी लक्ष्मीबाई मंडईत त्या दिवशी गर्दी असते, सकाळी लवकर गेलेलं बरं. अळू काळसर देठाचं, पानं हाताच्या पंजापेक्षा मोठी पण कोवळी घ्यायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. नळाला पाणी रोज येत नाही तिथे सणाच्या आधीच्या पाळीलाच स्वयंपाकाचं आणि भांड्यांचं पाणी वेगवेगळं भरून ठेवलेलं असावं. एवढ्या पदार्थांची भांडी घासायला लागणारं पाणी स्वयंपाकाच्या पाण्यापेक्षा जास्त असतं, हे दरवर्षी कुणाच्या लक्षात येत नाही.

रात्री झोपण्यापूर्वी एकच काम: हुग्गीसाठी एक वाटी सडलेले खपली गहू आणि वाटल्या डाळीसाठी दीड वाटी हरभरा डाळ, दोन्ही वेगवेगळी भिजत टाका.

चव न घेता मीठ

नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव घ्यायची नाही. रोज अंदाजाने आणि जिभेने होणारा स्वयंपाक त्या दिवशी मोजूनच करावा लागतो. मीठ विसरलं जातं किंवा दोघींनी घातलं जातं, आणि हे कळतं ते पंगतीत.

यावर साधा उपाय असा. आदल्या संध्याकाळी प्रत्येक पदार्थाचं मीठ मोजून छोट्या वाट्यांत किंवा कागदाच्या पुड्यांत काढायचं आणि त्या त्या पदार्थाच्या भांड्यात ठेवून द्यायचं. पुडी रिकामी दिसली की मीठ पडलेलं आहे, विचारायची गरज नाही. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: अर्धा किलो भाजीला एक चमचा, लीटरभर आमटीला दीड चमचा, एक वाटी बेसनाच्या वडीला पाऊण चमचा, दोन वाट्या तांदळाच्या पिठाच्या उकडीला पाव चमचा. भोपळा आणि घेवडा शिजून आळतात, म्हणून त्यांना चमच्यापेक्षा किंचित कमीच. कमी मीठ पानात वाढलेल्या मिठाने भागतं, जास्तीवर इलाज नसतो.

चतुर्थीची सकाळ

साडेसहाला पहिल्या शेगडीवर हुग्गीचा कुकर. गहू साडेतीन वाट्या पाण्यात, एक शिट्टी झाली की मंद आचेवर अर्धा तास. गूळ आत्ता नाही. गहू बोटाने दाबून फुटले की मगच गूळ घालायचा, आधी घातला तर दाणा घट्टच राहतो. दूधही गरम गुळात ओतायचं नाही, फाटतं. हुग्गी थोडी निवल्यावर घाला किंवा वाढताना वरून.

दुसऱ्या शेगडीवर त्याच वेळी हरभऱ्याची डाळ. कडबूंसाठी सव्वा वाटी डाळ सहा वाट्या पाण्यात शिजवायची म्हणजे आमटीला कट भरपूर मिळतो. तिसऱ्या शेगडीवर मोदकांचं सारण: चार वाट्या ओलं खोबरं, म्हणजे दोन मोठे नारळ, आणि दोन वाट्या गूळ. गूळ साधा, पिवळा. चिक्कीचा गूळ घातला तर सारणाचा दगड होतो. मध्यम आचेवर परतत राहायचं आणि चमच्याने कढईच्या तळाला रेघ ओढायची. रेघेत पाक वाहून आला तर अजून ओलं आहे. रेघ तशीच राहिली की लगेच उतरवायचं, कारण गरम कढईत ते आणखी आळतं. ताटात पसरून ठेवा. मोदक वळेपर्यंत सारण पार गार हवं. कोमट सारणाने पारी आतून ओली होऊन बुडाशी फाटते.

हे होईपर्यंत तिसऱ्या व्यक्तीने अळूची पानं लाटण्याने शिरा दाबून सपाट करायची आणि बेसनाचं पीठ लावून उंडे वळायचे. आठच्या ठोक्याला अळू आणि कोथिंबीर वाफेवर गेली पाहिजेत. दिवसभरातल्या सगळ्या वेळांत ही एक वेळ मी चुकू देत नाही. इथे वीस मिनिटं हुकली की ती मोदकांतून वजा होतात.

आठ ते साडेनऊ या वेळात पुरण आटवा. डाळ निथळून कट बाजूला, मूठभर शिजलेली डाळ आमटीसाठी वेगळी, बाकीत डाळीइतकाच गूळ, म्हणजे सव्वा वाटी. पळी पुरणात उभी राहिली की झालं. दुसऱ्या कुकरमध्ये वरणाची तूरडाळ आणि बटाटे एकत्र लावून घ्या. पंचामृत याच वेळात; ते टिकतं, त्यामुळे लवकर झालेलं बरं.

साडेनऊला पंधरा कडबू वाफेवर, पंधरा मिनिटं. कडबूची कणीक पोळीपेक्षा किंचित घट्ट आणि पारी मध्यम जाड हवी. करंजीसारखा आकार देऊन मुरड घालायची, कडेला पुरण आलं तर मुरड वाफेत उघडते. त्याच सुमाराला शेजारच्या शेगडीवर कढई चढवून तळणीचे मोदक मंद आचेवर तळायचे. ते आधी तळायचं कारण तेल स्वच्छ असतं आणि आच मंद लागते. नंतर आच वाढवून लगेच कुरडई-पापड, आणि ते घट्ट झाकणाच्या डब्यात. भाद्रपदातल्या दमट हवेत उघडी कुरडई तासाभरात मऊ पडते. मग गॅस बंद, कढई तशीच ठेवा. अळूवडी आणि पुऱ्या त्याच तेलात व्हायच्या आहेत.

दहापर्यंत भोपळा आणि घेवडा, साडेदहापर्यंत कटाची आमटी आणि बटाट्याची भाजी. कांदा-लसूण नसल्यामुळे आमटीला अंग येतं ते भाजलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाटणाने आणि गोड्या मसाल्याने. चिंच-गूळ घातल्यावर ती दहा मिनिटं चांगली उकळू द्या.

उकड आणि मोदक

सव्वादहा ते बारा ही वेळ मोदकांची. या वेळात दोन जणींनी दुसरं काही हातात घ्यायचं नाही. तिसरीने भात, वाटली डाळ आणि फोडण्या बघायच्या.

मोदक ३१ करायचे. २१ देवाच्या ताटात आणि दहा वरचे. इतर गोडं एवढी असताना बारा जणांना तेवढे पुरतात. निवगऱ्या धरून चार वाट्या पीठ लागतं, पण चार वाट्यांची उकड एकदम काढू नका. दोन वाट्यांची उकड वळून संपेपर्यंत गरम राहते, चार वाट्यांची अर्ध्यात गार होते आणि मग पाऱ्या तडकायला लागतात.

दोन वाट्या पाण्याला पाव चमचा मीठ आणि एक मोठा चमचा लोणी किंवा तूप घालून खळखळून उकळी आणायची. आच मंद करून दोन वाट्या पीठ एकदम ओतायचं, लाटण्याच्या टोकाने भराभर हलवायचं आणि झाकण ठेवून दोन मिनिटं. गॅस बंद करून झाकण न उघडता आणखी पाच मिनिटं. पीठ या वाफेतच शिजतं. घाईने झाकण काढलं तर मधे पांढरे कोरडे खडे राहतात आणि मळून ते जात नाहीत.

परातीत काढून हाताला सोसेल तितक्या गरम असताना मळायची. सुरुवातीला वाटीच्या बुडाने रगडा, मग पाण्याचा आणि तेलाचा हात घेऊन तळहाताने. पाच-सहा मिनिटं. नीट मळलेल्या उकडीचा गोळा चपटा केला की कडेला भेग पडत नाही. भेग पडली तर कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. गोळ्याला हात चिकटू लागला तर पाणी जास्त झालं आहे, चमचाभर पीठ भुरभुरून मळा. ही परीक्षा वळायला घेण्याआधी करायची. मोदकाच्या कळ्या पाडताना भेग दिसली तर उशीर झालेला असतो. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा.

लिंबाएवढा गोळा, अंगठा आत आणि बोटं बाहेर धरून वाटीसारखी पारी. कडा पातळ, बूड जरा जाड. बुडाशीच वजन येतं आणि वाफही तिथेच जोरात लागते. सारण पाऊण भरायचं. काठोकाठ भरलं तर तोंड मिटताना गूळ कडेला लागतो आणि तिथे पारी चिकटत नाही. कळ्या सात पडल्या काय आणि अकरा पडल्या काय, जवळजवळ आणि तळापासून निघालेल्या हव्यात. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी खिडकीतून डोकावून “अजून वळूच लालीस व्हय?” म्हणतात. ३१ मोदकांना दोघींचे मिळून पाऊण तासाच्या आसपास लागतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वाफेवर ठेवण्याआधी प्रत्येक मोदकाचं बूड पाण्यात बुडवायचं आणि वरूनही ओलं बोट फिरवायचं. कोरडं पीठ वाफेत तडकतं, ओलं तडकत नाही. चाळणीत हळदीची पानं मिळाली तर उत्तमच, नाहीतर केळीचं पान तुपाचा हात लावून किंवा ओलं मऊ फडकं. मोदकांमध्ये बोटभर अंतर ठेवा, ते फुगतात. पाणी आधीच खळखळत असलं पाहिजे.

आता घाण्यांचा हिशेब. पहिला घाणा दहांचा, अकराला. दुसरा अकरांचा, सव्वाअकराला. तिसरा दहांचा, साडेअकराला. प्रत्येकी बारा मिनिटं. दोन्ही चाळण्या भरल्या तर वरच्या मोदकांना दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि झाकण उघडून बघण्यात वाफ जाते, त्यामुळे मोदकांना मी एकच चाळण वापरते. देवाच्या ताटात दुसऱ्या आणि तिसऱ्या घाण्याचे मिळून बरोबर २१ जातात. पहिला घाणा हा हात बसायचा आणि पिठाची ओळख व्हायचा. त्यातला एक मोडून बघता येतो, खायचा नसला तरी. पारीच्या मधे पांढरी कच्ची रेघ दिसली तर पुढच्या घाण्याला दोन मिनिटं वाढवा. सारण पाण्यासारखं सुटलं असेल तर उरलेल्या सारणात चमचाभर भाजलेल्या तांदळाच्या रव्याची किंवा खसखशीच्या पुडीची भर घाला.

शिजलेला मोदक तुकतुकीत दिसतो आणि ओल्या बोटाला चिकटत नाही. गॅस बंद केल्यावर दोन-तीन मिनिटं तसाच राहू द्यायचा; लगेच उचलला तर बूड पानाला चिकटून फाटतं. काढलेले मोदक एका थरात, ओलसर फडक्याखाली. एकावर एक रचू नका.

दुसरी उकड पावणेअकराला काढायची. तिच्यातून उरलेल्या गोळ्यात वाटलेली मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ मिसळून चपट्या निवगऱ्या थापायच्या. पावणेबाराला त्या चाळणीत, दहा मिनिटं. मोदकपात्राचं काम इथे संपलं, नैवेद्याला अजून अर्धा तास आहे. हा अर्धा तास मुद्दाम ठेवलेला आहे. पूजा कधी लवकर आटोपते, कधी एखाद्या घाण्याला दुसऱ्यांदा वाफ द्यावी लागते.

शेवटचा तास आणि पान

तिसरीच्या शेगडीवर पावणेअकराला भात लागलेला असतो, चार वाट्या तांदळाचा. झाल्यावर आधी दहीभाताचा वाटा काढून तो गरम असतानाच पळीने घोटायचा. दही मात्र कोमट झाल्यावर, नाहीतर पाणी सुटतं. चित्रान्नाचा वाटा परातीत पसरून चमचाभर तेल लावून मोकळा होऊ द्या आणि मग फोडणी व लिंबू. उरलेला भात कुकरमध्येच गरम. वाटली डाळ सव्वाअकराच्या सुमाराला. डाळ भरड वाटायची, भरपूर तेलाच्या फोडणीत मोकळी होईपर्यंत परतायची. गंधासारखी वाटली तर तिचा लगदा होतो.

पावणेबाराला कढई पुन्हा तापवून गार झालेले अळूचे उंडे आणि कोथिंबीर वडी कापून तळायची. पुऱ्या आत्ता फक्त पाच-सहा, नैवेद्यापुरत्या. बाकीच्या पंगत बसल्यावर गरम. कोशिंबिरीत दही आणि मीठ अगदी शेवटी, सव्वाबाराला.

पान वाढताना डावीकडे चटणी, कोशिंबीर, पंचामृत, कुरडई-पापड. उजवीकडे भाज्या, आमटी, वाटली डाळ, हुग्गी. मधे भाताची मूद, वरण, वर तूप. वड्या, निवगऱ्या, पुरी आणि कडबू जागा मिळेल तसे. नैवेद्याच्या पानात मीठ वाढत नाहीत. गणपतीला तुळस चालत नाही, म्हणून दूर्वा ठेवायची. मोदक २१ असल्यामुळे त्यांचं ताट वेगळंच. वाढण्याआधी पदार्थांच्या यादीचा कागद हातात धरून एकेकावर खूण करत जा. एवढी भांडी असताना एखादा पदार्थ ओट्याच्या कोपऱ्यात झाकलेला राहतो, आणि बहुतेक वेळा ती शेंगाची चटणी असते, कारण ती दोन दिवसांपूर्वीच झालेली असते.

पंगतीसाठी सगळं एकदम गरम करायला जाऊ नका. आमटी आणि वरण गरम हवं, भाज्या कोमट चालतात. मोदकांची पहिली फेरी वाढण्याआधी रिकाम्या मोदकपात्राला उकळी आणून मोदकांना तीन मिनिटं वाफ दिली की ते पुन्हा मऊ होतात. वाढायला एक जण, पुऱ्या लाटायला एक आणि तळायला एक, असे तिघं उभे राहिले तर बारा माणसं एकाच पंगतीत बसतात. जागा नसेल तर आधी पाहुणे आणि मुलं, मग घरची.

दहीभात दुपारीच संपवा, सोलापूरच्या हवेत तो संध्याकाळपर्यंत आंबतो. आमटी उरली तर रात्री उकळून कडक भाकरीबरोबर. काहींना दुपारच्या जेवणापेक्षा ती जास्त आवडते. उरलेले मोदक फ्रिजमध्ये ठेवले तर दगडासारखे घट्ट होतात, पण पाच-सात मिनिटांच्या वाफेने परत येतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र पारी चामड होते.

हात दोनच असतील तर २१ चा आकडा सोडायची गरज नाही, वाफेवरचं ओझं कमी करायचं. कडबू वाफवण्याऐवजी तळा, ते कढईत तळणीच्या मोदकांच्या मागोमाग होतात. कोथिंबीर वडीऐवजी घेवड्याची किंवा बटाट्याची भजी करा. मग वाफेवर अळू, मोदक आणि निवगऱ्या एवढंच उरतं. अळू आठऐवजी नऊला लावलं तरी चालतं आणि ३१ ऐवजी २१ च मोदक केले तर एकटीलाही सव्वादहा ते बारा ही वेळ पुरते. अशा वेळी उकड मात्र तीन वेळा थोडी थोडी काढावी, कारण एकटीच्या हातून दोन वाट्यांची उकड गरम असेपर्यंत वळून होत नाही.